बर्फाची पेटी आधी छान चालते, मग बर्फ भराभर का वितळतो? थर्माकोल, ग्लासवूल आणि फोम शीटचा घोळ

तक्रार नेहमी एकाच छापाची असते. घरी प्लायवूडची किंवा पत्र्याची बर्फाची पेटी बनवली, भिंतीत इन्सुलेशन भरलं, सुरुवातीला बर्फ दोन दिवस आरामात टिकला, आणि मग काही महिन्यांनी तीच पेटी, तेवढाच बर्फ, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून बघावं तर सगळं पाणी. मग प्रश्न येतो की ग्लासवूल काढून थर्माकोल टाकू का, की ती चकचकीत फोम शीट लावू, यातलं जास्त गार काय ठेवतं? छपराचंही तसंच, पत्र्याखाली काहीतरी लावलंय, पहिल्या उन्हाळ्यात फरक पडला आणि नंतर वरून पाणी टपकायला लागलं.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका की या तिघांत फार मोठा फरक आहे. कोरडं असताना थर्माकोल, ग्लासवूल आणि पॉलिथिन फोम हे तिन्ही उष्णता जवळजवळ सारखीच अडवतात. थर्माकोलचा उष्णतावाहकतेचा आकडा साधारण 0.036, ग्लासवूलचा 0.032 ते 0.040, पॉलिथिन फोमचाही 0.035 च्या आसपास, आणि आकडा जितका कमी तितकं चांगलं. कारण तिन्हीत काम करते ती आत अडकलेली हवा, तिचा स्वतःचा आकडा 0.026 आहे, थर्माकोलमध्ये तर 98 टक्के हवाच असते. फक्त पफ म्हणजे पॉलियुरेथेन फोम 0.022 ते 0.028 पर्यंत जातो, तो खरंच वेगळा. म्हणजे मटेरियल बदलून फायदा थोडाच होणार. पेटी बिघडते ती दोन कारणांनी, हवेची गळती आणि भिंतीत शिरलेलं पाणी. पाण्याचा आकडा आहे 0.6, म्हणजे अडकलेल्या हवेच्या जागी पाणी आलं की तिथली उष्णता वीसपटीहून जास्त वेगाने आत येते.

आता एक ठरावीक पेटी घेऊ म्हणजे बोलणं सोपं जाईल. आतून 50 बाय 35 बाय 35 सेंटिमीटर, साधारण 60 लिटरची, भिंत सगळीकडून 5 सेंटिमीटर जाड. आतलं आणि बाहेरचं क्षेत्रफळ धरून सरासरी काढली तर 1.2 चौरस मीटर येते. बाहेर 35 डिग्री, आत बर्फ म्हणजे शून्य. 0.036 गुणिले 1.2 गुणिले 35, भागिले जाडी 0.05 मीटर, उत्तर आलं साधारण 30 वॅट. एवढी उष्णता सतत आत येतेय. एक किलो बर्फ वितळायला 334 किलोज्यूल लागतात, त्यामुळे वॅटला 0.26 ने गुणलं की दिवसाला किती किलो बर्फ जाईल ते मिळतं. आपल्या पेटीत पावणेआठ, म्हणजे आठच किलो धरा. 16 किलो बर्फ भरला तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आठ किलो शिल्लक पाहिजे. हीच भिंत 25 एमएमची असती तर दिवसाला 14 किलो गेला असता, आणि 100 एमएमची असती तर पाचेक किलो. जाडी दुप्पट केली तरी बर्फ बरोबर निम्मा वितळत नाही कारण जाड भिंतीचं बाहेरचं क्षेत्रफळ वाढतं, पण जाडीने जो फरक पडतो तो मटेरियल बदलून पडत नाही हे इथे स्पष्ट दिसतं.

हा हिशोब आधी करायचा कारण त्याशिवाय पेटी बिघडलीय की ती मुळातच एवढीच चालणार होती हे कळत नाही. बरेच जण 25 एमएमच्या भिंतीकडून तीन दिवसांची अपेक्षा धरून बसलेले असतात आणि दोष मटेरियलला देतात.

मग तपासणी. पहिलं म्हणजे पेटीत काय भरता ते बघा. 35 डिग्रीच्या गरम पाण्याच्या दहा बाटल्या, एकेक लिटरच्या, बर्फात ठेवल्या तर नुसत्या त्या गार करायलाच साडेचार किलोच्या आसपास बर्फ जातो, त्यात इन्सुलेशनचा काही दोष नाही. म्हणून टेस्ट करताना पेटीत दुसरं काही ठेवायचं नाही. आदल्या रात्री थोडा बर्फ टाकून पेटी आतून गार करून घ्या, मग तो काढून टाका, मोजून बर्फ भरा, झाकण लावा, सावलीत ठेवा, 24 तासांनी पाणी ओतून उरलेला बर्फ वजन करा. बर्फ फ्रीजरमधून उणे 18 डिग्रीला काढलेला असेल तर तो थोडा जास्त टिकेल, साधारण दहा टक्के, तेवढं मनात धरा. मघाच्या पेटीत आठच्या जागी नऊ किलो गेला तर पेटी ठीक आहे. बारा-तेरा किलो गेला तर काहीतरी बिघडलंय नक्की.

झाकण उघडण्याबद्दल लोक उगाच घाबरतात. 60 लिटर हवा म्हणजे वजनाने 70 ग्रॅमच्या आसपास, ती सगळी बाहेर जाऊन गरम दमट हवा आत आली तरी एका वेळेला पंधरा-वीस ग्रॅम बर्फाचं नुकसान होतं. दिवसात दहा-बारा वेळा उघडलं तरी पाव किलोच्या आतबाहेर. नुकसान करतं ते नीट न बसणारं झाकण, कारण ती गळती रात्रंदिवस चालू असते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे झाकण सैल आणि खाली पाणी काढायच्या भोकाचं बूच नाही अशी जोडी. गार हवा जड असते, ती खालच्या भोकातून बाहेर सांडत राहते आणि तेवढीच गरम हवा वरून आत ओढली जाते. बूच लावलं की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. झाकणाची टेस्ट सोपी आहे, कागदाची पट्टी कडेला ठेवून झाकण लावा आणि ओढा, सहज सुटून आली तर तिथे रबर दबत नाहीये. चारही बाजूंनी करा, बिजागरीच्या बाजूला तर नक्कीच, कारण बहुतेक वेळा तिथेच फट असते.

हे सगळं ठीक असेल तर भिंतीत पाणी आहे असं समजून पुढे जा. ओळखायचा सगळ्यात खात्रीचा उपाय वजनाचा. पेटी बनवली त्या दिवशी रिकामी वजन करून आकडा झाकणाच्या आत लिहून ठेवायचा ही सवय लावा. नसेल लिहिलेला तर सगळं मटेरियल पुन्हा जोखून अंदाज काढता येतो. आपल्या पेटीच्या भिंतींचा एकूण पोकळ भाग साधारण 60 लिटर, त्यात 24 किलो घनतेचं, म्हणजे घनमीटरला 24 किलो भरणारं ग्लासवूल म्हटलं तर दीड किलोच्या आसपास लोकर झाली. आणि रिकामी पेटी पाच किलोने जड भरतेय, तर ते पाच लिटर पाणी आहे, दुसरं काही असूच शकत नाही. खात्री करायची असेल तर बाहेरच्या प्लायला अगदी खालच्या कोपऱ्यात छोटं भोक पाडा, बऱ्याच वेळा पाणी सरळ ओघळतं. दुसरी खूण, बर्फ भरून दोन-तीन तास झाल्यावर बाहेरच्या भिंतीवरून हाताची मागची बाजू फिरवा. जिथे गार लागतं किंवा दव जमलेलं दिसतं तिथलं इन्सुलेशन मेलेलं आहे. ओल्या पेटीत हा गार पट्टा बहुतेक तळाकडे असतो कारण पाणी खाली जाऊन बसतं.

आता हे पाणी येतं कुठून? लोकांना वाटतं आतल्या डब्याला भोक असणार, म्हणून ते आतून सिलिकॉन मारत बसतात, वर आतून प्लास्टिकही लावतात, आणि तरी पुढच्या पावसाळ्यात तेच. डबा गळत असेल तर तो वेगळा विषय, पाणी भरून एक रात्र ठेवलं की कळतं. पण डबा एकदम चांगला असला तरी पाणी येतं, आणि ते बाहेरच्या हवेतून येतं. दमट हवेतली वाफ गरम बाजूकडून गार बाजूकडे जात राहते, प्लायमधून, जोडांच्या फटीतून, स्क्रूच्या भोकातून. ग्लासवूल तिला अजिबात अडवत नाही. ती लोकरीतून आरपार जाऊन आतल्या डब्याच्या पाठीवर पोचते, तिथे तापमान शून्याच्या जवळ, आणि तिथेच तिचं पाणी होतं. डबा स्टीलचा किंवा प्लास्टिकचा असल्याने ते आत जाऊ शकत नाही, बाहेरही सुकू शकत नाही, म्हणून दिवसेंदिवस साठत जातं. आतून लावलेलं प्लास्टिक इथे काहीच करत नाही कारण वाफ उलट्या बाजूने येतेय.

म्हणून नियम एकच, वाफ अडवणारा थर गरम आणि दमट बाजूला पाहिजे. बर्फाच्या पेटीत ती बाजू म्हणजे बाहेरची. जाड प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियम फॉइल बाहेरच्या प्लायच्या आतल्या अंगाला, सगळे जोड टेपने बंद, आणि त्याच्या आत इन्सुलेशन. पत्र्याची पेटी असेल तर पत्रा स्वतःच तो थर झाला, फक्त त्याचे जोड सील करा.

आता मटेरियलची निवड, आणि इथे माझं मत पक्कं आहे की बर्फाच्या पेटीत ग्लासवूल घालूच नये. ते वाईट म्हणून नाही, पण त्याला शंभर टक्के वाफबंद आवरण लागतं आणि घरी बनवलेल्या पेटीत ते राहत नाही, एक स्क्रू चुकीच्या जागी मारला की संपलं. वर ते बसतं, म्हणजे उभ्या भिंतीत ओलं झालं की खाली सरकतं आणि वरच्या चार बोटांत नुसती पोकळी उरते. भिजलेलं ग्लासवूल वाळवून परत भरायच्या फंदात पडू नका, धागे चिकटवून ठेवणारा बाइंडर भिजून कमजोर झालेला असतो, मूळची फुगीर जाडी परत येत नाही. काढून टाका, काढताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

थर्माकोल चालतं, पण घनता बघून घ्या. पॅकिंगमधलं हलकं थर्माकोल घासलं की मणी सुटतात, त्या मण्यांच्या मधल्या फटीतून पाणी हळूहळू शिरतं. पेटीला 20 किलो घनतेच्या खाली जाऊ नका. दुकानात तपासायला वजनकाटा पुरतो, एक मीटर बाय अर्धा मीटर, 50 एमएम जाड शीट म्हणजे 25 लिटर, ती अर्धा किलो भरली पाहिजे. पावशेर-तीनशे ग्रॅम भरली तर ठेवून द्या. जुन्या पेटीतलं थर्माकोल ओलं झालंय का हेही असंच कळतं, 10 बाय 10 बाय 5 सेंटिमीटरचा तुकडा कापा, कोरडा असेल तर 10 ग्रॅम, आणि तो 30 ग्रॅम भरला तर त्यात 20 ग्रॅम पाणी आहे, तो पॅनेल बदलायचा.

एक्सपीएस शीट मिळत असेल, तीच गुळगुळीत रंगीत कडक शीट, तर पेटीसाठी मी आधी तीच घेईन. ती थर्माकोलच्याच जातीची पण पेशी पूर्ण बंद, मण्यांच्या फटी नाहीत, आकडा 0.030 ते 0.034, पाणी फार कमी पिते. पफ भरून घेता आलं तर उत्तमच, कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसतं, पण ते फुगताना पातळ प्लाय बाहेर ढकलतं म्हणून भरताना बाहेरून आणि आतून आधार देऊन ठेवावा लागतो.

आणि चकचकीत फोम शीट, 5 ते 10 एमएमची. ही पेटीत लोक सगळ्यात जास्त चुकीची वापरतात. फॉइल उष्णतेचे किरण परतवते हे खरं, पण त्यासाठी फॉइलच्या समोर हवेची मोकळी जागा पाहिजे. प्लाय आणि डबा यांच्या मधे दोन्ही बाजूंनी चेपून बसवली की परतवायला किरणच नाहीत, उष्णता स्पर्शाने सरळ पुढे जाते, आणि मग उरतो फक्त 8 एमएम फोम, जो 50 एमएम थर्माकोलच्या सहाव्या हिश्शाचं काम करतो. झाकणाच्या कडेला गास्केट म्हणून मात्र मऊ फोमची पट्टी चांगली बसते, तिथे जरूर वापरा.

आता त्या जड झालेल्या पेटीची दुरुस्ती. बाहेरचा प्लाय एका बाजूने उघडा, सगळी ओली लोकर काढा, पोकळी आणि डब्याची पाठ पूर्ण वाळू द्या, घाई केली तर ओल आत बंद होईल. बाहेरच्या प्लायला आतून प्लास्टिक लावून जोड टेप करा. मग 50 एमएमची एक शीट न घालता 25 एमएमच्या दोन घाला, पहिल्या थराचे जोड दुसऱ्या थराच्या शीटच्या मधोमध येतील असे, म्हणजे आरपार फट राहत नाही. कडेच्या फटी स्प्रे फोमने भरा. चिकटवायला काय वापरता ते नीट बघा, रबरचं सोल्यूशन, थिनर किंवा पेट्रोल असलेला कुठलाही गोंद थर्माकोल आणि एक्सपीएस दोन्ही खातो, शीट डोळ्यांसमोर विरघळते. डब्यावर थर्माकोलला चालणारा असं लिहिलेला गोंद घ्या आणि आधी तुकड्यावर लावून बघा.

लाकडी चौकटीचा एक मुद्दा राहतो. आतला डबा आणि बाहेरचा प्लाय जोडणाऱ्या पट्ट्या लाकडाच्या असतात, लाकूड थर्माकोलच्या चौपट उष्णता आत सोडतं. भिंतीचा दहावा हिस्सा जरी लाकडाने घेतला तरी एकूण गळती जवळजवळ 30 टक्क्यांनी वाढते, म्हणजे आठ किलोचे दहा किलो. आरपार गेलेला लोखंडी स्क्रू तर थर्माकोलपेक्षा हजारपटीहून जास्त वाहक, आणि वाफेलाही तोच रस्ता. म्हणून आतला डबा खालच्या कडक शीटवर नुसता टेकवून ठेवा, चौकट फक्त वरच्या कडेला ठेवा, स्क्रू दोन्ही भिंतींना एकदम धरणार नाही असा मारा.

छपराला हेच तिन्ही मटेरियल वेगळ्या क्रमाने येतात. उन्हात पत्रा 60-70 डिग्रीपर्यंत सहज तापतो आणि खाली येणारी उष्णता बहुतेक किरणांची असते, म्हणून इथे फॉइलवाली फोम शीट खरोखर काम करते. पत्र्याला घट्ट चिकटवण्यापेक्षा बोटभर जागा सोडून, फॉइलची बाजू मोकळ्या हवेकडे, आणि दोन्ही बाजूंना फॉइल नसेल तर फॉइल खालच्या बाजूला ठेवा, कारण वर ठेवलेल्या फॉइलवर धूळ बसली की चमक गेली आणि कामही गेलं.

ग्लासवूल छपराला चांगलं, लोकर स्वतः जळत नाही हा त्याचा मोठा गुण, स्वयंपाकघराच्या किंवा वायरिंगच्या वर मी दुसरं काही सुचवणार नाही. फक्त ते दाबू नका, 50 एमएमचा गादा 25 एमएमच्या जागेत कोंबला तर 25 एमएमएवढंच काम करेल, किंचित जास्त. आणि टपकण्याची तक्रार इथलीच. रात्री पत्रा उघड्या आकाशाखाली बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो, खोलीतली दमट हवा लोकरीतून वर जाऊन पत्र्याच्या पोटाला लागते, पाणी होऊन लोकरीत उतरतं, आणि सकाळी खाली टपकतं. लोक पत्र्याचे स्क्रू आणि वॉशर बदलत बसतात. पाऊस नसताना, पहाटे किंवा ऊन पडल्यावर लगेच टपकत असेल तर ते छप्पर गळत नाहीये, दव आहे. उपाय पेटीच्या बरोबर उलटा, इथे दमट बाजू म्हणजे खोली, म्हणून फॉइल किंवा प्लास्टिकचा थर लोकरीच्या खाली, खोलीकडे, जोड टेपने पूर्ण बंद, आणि लोकरीच्या वर पत्र्याखाली थोडी हवा खेळती.

थर्माकोल पत्र्याला टेकवून लावू नका, 80 डिग्रीच्या आसपास ते मऊ पडतं, तापलेल्या पत्र्याला चिकटून असेल तर कालांतराने आकसून जोडांत फटी पडतात. ते पेटतं आणि काळा धूर करतं, त्यामुळे खोलीच्या बाजूला उघडं ठेवू नये, खाली जिप्समचं किंवा सिमेंटचं बोर्ड पाहिजेच. काँक्रीटच्या स्लॅबवर वरून, वॉटरप्रूफिंगच्या वर एक्सपीएस आणि त्यावर कोबा, ही जागा त्याच्यासाठी योग्य. आणि पीव्हीसीची वायर थर्माकोलला टेकून कधीच टाकू नका, वायरच्या प्लास्टिकमधलं तेलकट द्रव्य थर्माकोल ओढून घेतं, थर्माकोल वितळल्यासारखं खचतं आणि वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. छपरातून जुनी वायर जात असेल तर आधी ती पाइपमध्ये घ्या, मग इन्सुलेशनला हात लावा.